अकरा बिलं आणि एक नसलेला रकाना

चाकणजवळच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आमचं इंटर्नल ऑडिट चालू होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा मुद्दा लिहून तयार होता. वर्षभरात अकरा बिलांचे पैसे दोनदा गेले होते. कारण म्हणून मी लिहिलं होतं, 'बिल नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याचं दुर्लक्ष', आणि शिफारस म्हणून 'प्रशिक्षण द्यावं'.

सरांनी 'दुर्लक्ष' या शब्दाखाली रेघ मारली. "त्या मुलीने वर्षात किती बिलं नोंदवली?"

"साडेसहा हजारांच्या आसपास."

"मग नेमकं याच अकरा बिलांकडे तिचं दुर्लक्ष का झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मुलीच्या वार्षिक मूल्यांकनात हे वाक्य जाऊन बसलं असतं, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा जोड्या समोर मांडल्या. प्रत्येक जोडीत एक नोंद खरेदी ऑर्डरवर होती आणि दुसरी ऑर्डरशिवाय, थेट खर्चात. बिल तेच, पण एकीकडे क्रमांक 0457 असा, तर दुसरीकडे 457 असा टाकलेला. सिस्टिम पुरवठादार, क्रमांक, तारीख आणि रक्कम हे सगळं जुळलं तरच अडवते. पुढचं शून्य गळलं की तिच्या लेखी ते वेगळं बिल. चूक पकडली का गेली नाही, ते इथे कळलं. पण चूक झालीच का, हा वेगळा प्रश्न होता. हे दोन प्रश्न एकत्र केले असते, तर मी क्रमांक टाकण्याचा नियम कडक करायला सांगून मोकळी झाले असते.

थेट खर्चात बिल का टाकलं? मुलगी म्हणाली, "मॅडम, पुरवठादार रोज फोन करायचा, माल देणार नाही म्हणायचा. प्लांटमधून मेल आला की ते बिल अर्जंट करायचं. मूळ बिल अडकलेलं असायचं." का अडकायचं? कारण स्टोअरची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झालेली नसायची. ती पुढे कधीतरी व्हायची, अडकलेलं बिल सुटायचं आणि दुसऱ्यांदा पैसे जायचे.

इथपर्यंत सगळी ऐकीव माहिती होती. ती तपासायला मी गेटवरच्या नोंदीची वेळ आणि जीआरएनची वेळ शेजारी ठेवून वर्षभरातल्या प्रत्येक आवकेचं अंतर काढलं. बहुतेक माल दुसऱ्या दिवसापर्यंत नोंदला जात होता. पण 64 आवका दहा दिवसांहून जास्त रखडल्या होत्या आणि अकरापैकी नऊ बिलं त्यांतलीच होती. स्टोअर एकूणच ढिलं असतं, तर उशीर सगळीकडे विखुरलेला दिसला असता. वस्तूंच्या गटाप्रमाणे पाहिलं, तर 64 पैकी 58 फास्टनर, म्हणजे नट, बोल्ट आणि वॉशर निघाले.

मी स्टोअरला गेले. तिथल्या काकांनी बोल्टची गोणी काट्यावर ठेवली. "चलनावर 50 किलो आहे, आणि ऑर्डरवर काय, तर 4,000 नग. मी नोंद कशात करू?" त्यांनी एम-8 चे शंभर बोल्ट मोजून वजन दाखवलं, सव्वा किलोच्या आसपास. "मला हिशेब येतो हो, पण सिस्टिम घेत नाही. खरेदीवाले ऑर्डर बदलतील तेव्हाच होतं." खरेदीवाले अशा ऑर्डरी महिन्यातून एकदा, एकगठ्ठा दुरुस्त करत होते.

किलोचे किती नग, हे सिस्टिममध्ये का नव्हतं? वस्तूचा कोड उघडायच्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता. फॉर्म डिझाइन विभागाने बनवला होता. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये नग असतात, त्यांना किलोशी देणंघेणं नाही. खरेदी आणि स्टोअर यांची त्या फॉर्मवर सहीच नव्हती. पुढचा 'का' विचारला असता, तर उत्तर कारखान्याच्या हाताबाहेर गेलं असतं. हा फॉर्म मात्र उद्या बदलता येण्याजोगा होता. म्हणून मी तिथे थांबले.

तरी एक उलट तपासणी केली. कारण हेच असेल, तर ज्या मोजक्या फास्टनरना कुणीतरी हाताने रूपांतर भरून ठेवलं होतं, त्यांची नोंद वेळेवर व्हायला हवी. तशी ती होत होती, पुरवठादार तेच असूनही.

उरलेली दोन बिलं यात बसली नाहीत. एकच बिल दोन टेबलांवर आलं होतं, एवढंच. ती मी अहवालात वेगळी दाखवली, ओढूनताणून बसवली नाहीत. मुलीबद्दलचं वाक्य काढून टाकलं आणि फॉर्मवर तो रकाना घालायचा आणि तो कोण भरणार, हे डिझाइन व खरेदी या दोन्ही प्रमुखांच्या सहीने ठरवून घेतलं.

चार महिन्यांनी पुन्हा अंतर काढलं. दहा दिवसांवर रखडलेल्या फास्टनरच्या तीनच आवका होत्या, तिन्ही एकाच वॉशरच्या. त्याची जाडी बदलली होती आणि फॉर्मवर जुनंच वजन होतं.