खेळून बसल्यावरची ढास

गुरुवार, रात्री

सात वर्षांची मुलगी. सर्दी होऊन सहा आठवडे झाले, नाक केव्हाच थांबलं, ताप नाही, जेवण नीट. तरी रोज रात्री दोन-अडीचला खोकून उठते. आई म्हणाली, "दिवसभर काही नाही हो डॉक्टर, पण खो-खो खेळून बसली की ढास लागते." छातीत शिट्टीसारखा आवाज नाही, एक्स-रे साफ.

"खेळून बसली की" हे महत्त्वाचं. धावताना मूल तोंडाने भराभर श्वास घेतं, श्वासनलिका कोरड्या पडतात आणि दम्याच्या मुलात त्या आवळतात. त्याचा जोर थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी सगळ्यात जास्त असतो. पहाटेच्या आधी श्वासनलिका सगळ्यांच्याच थोड्या अरुंद होतात. हिच्या मुळात सुजलेल्या असाव्यात, म्हणून तेव्हाच उबळ.

सर्दीनंतर रेंगाळणारा खोकलाही रात्री छळतो, पण तो बहुधा आडवं झाल्या झाल्या येतो, कारण नाकातला शेंबूड घशात उतरतो. मुख्य म्हणजे तो आठवड्यागणिक उतरत जातो. दहा मुलांपैकी नऊ जणांचा साधारण 25 दिवसांत जातो. हिचा सहाव्या आठवड्यातही तेवढाच, शिवाय कोरडा. आईला धुळीने शिंका येतात, मुलीच्या कोपराच्या खोबणीत लहानपणी इसब होता. दम्याकडे बोट दाखवणाऱ्या या खुणा, पुरावा नव्हे.

फुंकायची चाचणी केली, ती नॉर्मल आली. दुपारी मूल बरं असताना ती तशी येऊ शकते, त्यामुळे दमा नाही असं ठरत नाही. मग औषध देऊन पाहायचं: श्वासनलिकांची सूज उतरवणाऱ्या बुडेसोनाइडचा पंप, 100 मायक्रोग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चार आठवडे. पंप हलवायचा, स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधल्या पोकळ नळकांड्याला, लावायचा, एका वेळी एकच फवारा, पाच-सहा संथ श्वास, मग चूळ. दोन फवारे एकदम मारले की औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं आणि "पंपाने फरक नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: फरक पडला तरी चार आठवड्यांनी पंप बंद करून पाहायचा. रेंगाळलेला खोकला तोवर आपोआपही गेला असता, त्याचं श्रेय पंपाला देऊन मुलाला वर्षभर दमेकरी ठरवण्यात अर्थ नाही. बंद केल्यावर तीच रात्रीची उबळ परतली आणि पंपाने पुन्हा थांबली, तर दमा म्हणायचं. "ॲलर्जीचा खोकला" असं गोड नाव दिलं की घरचे पंप मधेच सोडतात.

खोकला ओला, खळखळणारा असता, वजन घटलं असतं, किंवा शेंगदाणा खाताना ठसका लागून अचानक सुरू झाला असता, तर वाट वेगळी होती.

आईला वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या: किती वाजता उठली, खेळ थांबल्यावर किती मिनिटांनी ढास, पंप घेतला की नाही. धाप लागून बोलताना वाक्य तुटलं किंवा बरगड्यांमधली कातडी आत ओढली गेली, तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना.