स्टीलचं पातेलं, काळी टेप आणि ४८ अंशांचा घोळ

मागच्या नोंदीत मी थर्मल कॅमेऱ्यातून बघून लिहिलं होतं की माझ्या ॲम्प्लिफायरचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक जेमतेम ३३ अंशांवर चालतोय. ते वाक्य मागे घेतो. परवा त्याला बोट लागलं आणि चांगलाच चटका बसला. ३३ अंशांच्या वस्तूने चटका बसत नाही, आपलं अंगच त्याहून गरम असतं. आणखी एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती: पात्यांची टोकं ३३ आणि त्यांच्या मधल्या फटी ४३ दिसत होत्या. मी मात्र 'पाती हवेने छान थंड होतायत' म्हणून खूश झालो होतो.

हीटसिंक बाजूला ठेवला आणि ज्याचं तापमान दुसऱ्या मार्गाने कळेल अशी वस्तू घेतली. चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर बाहेरून काळ्या इलेक्ट्रिकल टेपची पट्टी चिकटवली, आत उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं. जवळपास शेगडी पेटलेली नको, तिची धग स्टीलमध्ये दिसते. पाच मिनिटांनी पाण्यात बुडवलेला प्रोब ९० दाखवत होता. कॅमेऱ्यात टेप ८८, आणि बोटभर अंतरावरचं उघडं स्टील ४०! खोली २८ अंशांची. एकाच पत्र्यावर, एकाच क्षणी.

कॅमेरा तापमान मोजत नाही, पृष्ठभागावरून येणारे अवरक्त किरण मोजतो. त्या तापमानाला जास्तीत जास्त जितके किरण निघू शकतात, त्यातला किती हिस्सा पृष्ठभाग खरोखर सोडतो, ती त्याची एमिसिव्हिटी, म्हणजे उत्सर्जकता. टेपची साधारण ०.९५, माझ्या पातेल्याची हिशेबाने ०.१५ च्या आसपास निघाली. म्हणजे स्टीलकडून आलेल्या किरणांत स्टीलचा स्वतःचा वाटा थोडाच, बाकी सगळं खोलीचं प्रतिबिंब. कॅमेऱ्याचं ॲप मात्र ०.९५ धरून बसलेलं, म्हणून त्याने खोलीच्या जवळचाच आकडा दिला.

प्रतिबिंब ओळखायला सोपं आहे. मी डावीकडे सरकलो की स्टीलवरचा एक उबदार डाग माझ्याबरोबर सरकत होता. तो माझाच चेहरा. खरी उष्णता जागची हलत नाही. आता हीटसिंकच्या फटींचंही कोडं सुटलं: फटीत किरण या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाहेर येतात, त्यामुळे फट उघड्या पात्यापेक्षा जास्त उत्सर्जक असल्यासारखी वागते. ४३ हा आकडा ३३ पेक्षा खऱ्याच्या जवळचा होता, एवढंच.

मग वाटलं, ॲपमध्ये ०.१५ टाकलं की झालं. झालं नाही. ०.१५ ला ८८ येतात, पण ०.१० टाकलं तर १०९ आणि ०.२० टाकलं तर ७६. पातेल्याची नेमकी एमिसिव्हिटी तक्त्यात बघून कळत नाही. घासलेलं, ओरखडलेलं, तेलकट स्टील वेगवेगळं वागतं. शिवाय परावर्तित तापमान म्हणून २८ भरलं आणि समोर माझ्या चेहऱ्यामुळे ते प्रत्यक्षात ३३ असलं, तर हिशेबाने उत्तर १५ अंशांनी वर जातं. म्हणून माझ्यापुरता नियम: चमकत्या धातूवर सेटिंगशी खेळायचं नाही, पृष्ठभागच बदलायचा. (काळा रंगच हवा असं नाही. साधा पांढरा तैलरंगही या किरणांना ०.९ च्या आसपासच असतो. चंदेरी रंग मात्र नको, त्यात धातूची भुकटी असते.)

टेप लावतानाही एकदा फसलो. पट्टीच्या मधोमध एक थंड ठिपका दिसला; बघतो तर खाली हवेचा बुडबुडा. नखाने घासून बसवल्यावर ठिपका गेला. दुसरं अंतराचं. माझ्या कॅमेऱ्यात आडवे १६० पिक्सेल आणि ५७ अंशांचा कोन, म्हणजे ३० सेंटिमीटरवर एक पिक्सेल जवळजवळ २ मिलिमीटरचा. विश्वासाच्या आकड्यासाठी निदान तीन बाय तीन पिक्सेल टेपवर पडायला हवेत, तिथे १८ मिलिमीटरची टेप भरपूर झाली. एक मीटरवर तेवढ्याच पिक्सेलना १९ मिलिमीटर लागतात. मग कडेचं स्टील आकड्यात मिसळतं आणि आकडा गुपचूप खाली येतो.

काल वीज काढून, थंड झाल्यावर हीटसिंकवर टेप लावली आणि अर्धा तास पूर्ण आवाजात चालवला. टेपवर ७१, शेजारी उघड्या ॲल्युमिनियमवर तेच जुने ३३. साध्या पीव्हीसी टेपला याहून फार वर नेणार नाही, गोंद सुटायला लागतो.

आता बाकी आहे तो बोर्डावरचा छोटा रेग्युलेटर. त्याचा धातूचा पत्रा टेप लावण्याइतका मोठा नाही, म्हणून पांढऱ्या करेक्शन फ्लुइडचा ठिपका देऊन बघणार आहे. ठिपका ६ मिलिमीटरचा तरी बसायला हवा, नाहीतर कॅमेरा आणखी जवळ न्यावा लागेल, आणि फार जवळ नेला की चित्र धूसर होतं.