देवाच्या दारातलं धरणं

"घरात जे घडलं त्यानंतर हात जोडले की प्रार्थना येतच नाही, राग येतो. 'तू आहेस तरी का?' असं तोंडून निघून जातं. ताई, ही प्रार्थना म्हणायची, की पाप लागतं? आपल्या संतांनी याबद्दल काय सांगितलंय?"

भजनी मंडळात अभंगांचा अर्थ सांगायला बसते, तेव्हा हे मला नेहमी विचारलं जातं. बहुतेक वेळा सगळे उठून गेल्यावर, हळू आवाजात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वारकरी परंपरेपुरतं बोलायचं तर ही प्रार्थनाच आहे. ती नुसती चालवून घेतलेली नाही, गाथेत जपून ठेवलेली आहे. तुकोबांचंच घ्या. दुष्काळात त्यांचं सगळं गेलं. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते अन्नपाणी सोडून बसले. त्या दिवसांतला अभंग असा आहे:

तेरा दिवस जाले निश्चक्र करितां । न पवसी अनंता मायबापा ॥
पाषाणाची खोळ घेउनि बैसलासी । काय हृषीकेशी जालें तुज ॥

निश्चक्र म्हणजे कडकडीत उपास. तेरा दिवस झाले, तू पावत नाहीस, दगडाची खोळ पांघरून बसलायस, तुला झालंय तरी काय? यावर कुणी म्हणेल, लेकरू आईवर रुसलंय, लाडिक राग आहे. प्रवचनांत हे फार ऐकू येतं आणि मला ते पटत नाही. कारण पुढची ओळ लाडिक नाही: 'तुजवरी आतां प्राण मी त्यजीन । हत्या मी घालीन पांडुरंगा.'

'हत्या घालीन' हे रागाच्या भरात सुचलेले शब्द नाहीत. त्या काळी व्यवहारात ती एक ठरलेली रीत होती. ऋणको पैसे बुडवायला लागला, की धनको त्याच्या दारात धरणं धरून बसायचा. स्वतः जेवायचा नाही, आणि दारात माणूस उपाशी बसलेला असताना त्या घरच्यांनाही जेवता यायचं नाही. उपासानं तो मेला तर हत्येचं पाप घरमालकाच्या माथी. ही रीत एवढी रुजलेली होती, की 1860 च्या भारतीय दंड विधानात कलम 508 खाली तिला गुन्हा ठरवताना धरण्याचंच उदाहरण दिलेलं आहे: दुसऱ्यावर दैवी कोप होईल अशी भीती घालण्यासाठी त्याच्या दारात धरणं धरून बसणारा माणूस. तुकोबा महाजनकीच्या घरातले होते. वसुली म्हणजे काय, तगादा कसा लावतात, हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. तीच वसुलीची रीत त्यांनी पांडुरंगाच्या दारात वापरली. देवालाच पाप लागेल अशी धमकी दिल्यावर कोप करायला वर कोण उरतं, हा प्रश्न मला तरी अजून सुटलेला नाही.

धरणं धरायला मुळात येणं असावं लागतं. देवाकडे तुकोबांचं येणं काय होतं? त्याचं उत्तर 'ब्रीद' या शब्दात आहे. पतितपावन, दीनानाथ, अनाथांचा कैवारी ही बिरुदं देवानं मिरवायची आणि वेळेला पाठ फिरवायची, हे चालणार नाही, असा तो दावा. नामदेवांच्या नावावरचा प्रसिद्ध अभंग सरळ दारात उभा राहून हेच सुनावतो: पतितपावन हे नाम ऐकून मी आलो, पण तू पतितपावन नाहीस, म्हणून माघारी जातो. हे नाव तुला ठेवलं तरी कुणी? आपल्याकडच्या रागाच्या प्रार्थनेचा कणा हा आहे. 'मला दुःख झालं' एवढ्यावर ती थांबत नाही, 'तू दिलेला शब्द तू मोडलास' असं ती म्हणते. आणि ज्याच्या शब्दावर काडीचा विश्वास नाही, त्याला शब्दाची आठवण करून द्यायला कुणी जात नाही.

वह्या तरल्याची कथा तुम्हाला ठाऊक आहेच. त्यानंतरचा अभंग मात्र कमी लोक वाचतात. 'थोर अन्याय केला, तुझा अंत म्यां पाहिला' अशी त्याची सुरुवात. लोकांच्या बोलण्यासाठी तुझं चित्त क्षोभवलं, डोळे मिटून तेरा दिवस बसलो, असं तुकोबा खजील होऊन म्हणतात. शेवट मात्र 'तुका म्हणे ब्रीद साच केलें आपुलें'. म्हणजे येणं फिटलं, पावती दिली. यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की नंतर वरमले म्हणून आधीचा अभंग कुणी गाळला नाही. धमकीही गाथेत आहे आणि माफीही. तुमचा आजचा राग उद्या तुम्हालाच अवघड वाटला, तर तो आज खोटा होता असं होत नाही.

भाषेची मर्यादा काय, असंही विचारतात. जनाबाईंचं 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' आठवा. 'तुझें गेलें मढें' इथपर्यंत त्या जातात आणि शेवटच्या ओळीत सांगतातही, की अंगणात उभी राहून दासी जनी शिव्या देतेय. फक्त एक सांगते. या शिव्या हल्ली मंचावर हशा पिकवण्यासाठी म्हटल्या जातात. दळणकांडण करत दुसऱ्याच्या घरी आयुष्य काढलेल्या बाईचा तो आवाज आहे. तुम्हाला शिवी येत नसेल तर जनाबाईंची उसनी आणू नका.

तुकोबांच्या वह्यांच्या गोष्टीत शेवटी समेट आहे. पण सगळीकडे तो होत नाही. चोखोबांना बडव्यांनी मारलं, 'महारा देव बाटविला' म्हणून शिव्या दिल्या. तेव्हा ते विठूला 'धाव, आता मंद चालू नकोस' अशी हाक मारतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र हाकही मारत नाही. तो जाब विचारतो:

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥

आमच्या घरचा दहीभात खाऊन आता नाही कसं म्हणतोस, असं तो पुढे विचारतो आणि 'कासया जन्म दिला मला' या प्रश्नावर थांबतो. पुढे काही नाही. देवानं दर्शन दिलं नाही, कर्ममेळा वरमला नाही, ब्रीद साच झालं नाही. पंढरपूरच्या मंदिराचं दार त्याच्या लोकांसाठी उघडायला 1947 साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. इथे राग घरातल्या मृत्यूचा किंवा आजाराचा नाही, अन्यायाचा आहे. या अभंगाला गोड शेवट जोडून सांगणारे मी ऐकले आहेत. तो जोडू नये असं मला वाटतं. कर्ममेळ्याचा प्रश्न जसा सुटला तसाच वाचावा.

असं अनुत्तरित काही इतरांकडेही आहे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रं पुष्कळ आहेत आणि बहुतेक शेवटाला आशेकडे वळतात. 88 वं स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपतं. तरी ते उपासनेत आहे, शतकानुशतकं म्हटलं जातंय. ईयोबाच्या गोष्टीत मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गेलेला माणूस देवाला जाब विचारतो, आणि सांत्वनाला आलेले मित्र देवाची बाजू घेतात: तूच काहीतरी पाप केलं असशील. शेवटी देव ईयोबालाही वावटळीतून चांगलंच सुनावतो. पण त्याचा कोप होतो तो मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना म्हणतो. तेराव्याला येऊन 'देवाची इच्छा', 'पूर्वजन्मीचं असेल' म्हणणाऱ्यांची आठवण मला इथे हटकून होते.

इस्लाममध्ये रेघ थोडी वेगळी ओढलेली आहे. तिथे सब्र म्हणजे धीर मोठा, जनाबाईंच्या शिव्या तिथे बसणार नाहीत. पण मुलाच्या विरहात रडून डोळे गेलेले पैगंबर याकूब कुराणात म्हणतात, माझं दुःख आणि माझी तक्रार मी फक्त अल्लाहपाशी मांडतो. देवापाशी तक्रार करायला हरकत नाही, देवाची तक्रार लोकांपाशी करत फिरू नये, असा भेद त्यांच्याकडे करतात. तो मला उपयोगी वाटतो. आपल्या अभंगांतही बहुतेक ठिकाणी 'तू' आहे. राग त्याच्या तोंडावर काढलेला आहे, पाठीमागे नाही.

बहुतेक ठिकाणी म्हणाले, कारण एक अभंग या हिशेबात बसत नाही, आणि तुमच्या 'तू आहेस तरी का?' शी तोच सगळ्यात जवळचा आहे. संशयासाठी लोक सहसा 'आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाहीं ऐसा मनीं अनुभवावा' ही ओळ काढतात आणि तुकोबा नास्तिक होते असं ठरवून मोकळे होतात. ती ओळ अद्वैताची आहे, देव आपल्याहून वेगळा उरत नाही त्या अनुभवाची. संशयाशी तिचा फारसा संबंध नाही. संबंध आहे तो याचा:

माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥
गोष्टी न करी नांव न घें । गेलों दोघें खंडोनी ॥

कुणासाठी असेल तर असो, माझ्यापुरता तो मेला. त्याच्या गोष्टी करणार नाही, नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. इथे 'तू' नाही, 'तो' आहे. धरणं नाही, ब्रीद नाही, मागणंच नाही. पुढे तुकोबा म्हणतात, स्तुती आणि निंदा दोन्हींचा धंदा उदंड केला, आता निवांत राहिलो, आयुष्य खर्चत आलो. याचाही अर्थ अध्यात्माकडे वळवून सांगता येतो, आणि सांगतातही. मला तो थकलेल्या माणसाचा अभंग वाटतो.

म्हणून 'देव आहे असंच वाटत नाही, मग भांडू कुणाशी?' असं जे विचारतात, त्यांना मी सांगते की भांडू नका. रागही येत नसेल तर तो आणायचा नाही. या अभंगात तुकोबाही भांडत नाहीत, संबंध तोडून गप्प बसले आहेत. तरी त्यांनी तो रचला, शेवटी 'तुका म्हणे' घातलं, आणि गाथा जपणाऱ्यांनी तो बाकीच्या अभंगांबरोबरच ठेवला. घरी गाथा असेल तर शोधा आणि मोठ्यानं एकदा वाचून बघा. न पटलं तर पुढच्या वेळी भांडायला या, पण सगळे उठून जायची वाट बघू नका. तिथे बसलेल्या आणखी दोघीतिघींना तेच विचारायचं असतं.