खिडकीचा एसी: आधी ढाळ, मग फटी

नागपुरात एप्रिलमध्ये दीड टनाचा एसी बसवला, तेव्हा काही तक्रार नव्हती. मे महिन्यातही नव्हती. जूनच्या मध्यावर पहिला पाऊस पडला आणि आतल्या जाळीखालून भिंतीवर पाण्याचा ओघळ आला. दोष एप्रिलपासूनच होता. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर पाणी जेमतेम धरतं, त्यामुळे तो दिसला नाही.

जाळी काढून आतल्या पत्र्याच्या तळावर स्पिरिट लेव्हल ठेवली. प्लास्टिकच्या पुढच्या भागावर ठेवून उपयोग नाही, तो भाग स्वतःच सरळ नसतो. यंत्राची खोली सुमारे ६५ सेंमी, आणि तेवढ्यात आतली बाजू ३ मिमी खाली निघाली. बाहेरच्या लोखंडी अँगलचा आधार जरा उंच बसला होता. बाहेरच्या बाजूला पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिमी ढाळ पुरतो. दोघांनी धरून आतली कड उचलली, खाली १० मिमीची कडक रबरी पट्टी सारली, आणि बाहेरच्या बाजूला ७ मिमी ढाळ मिळाला. यापेक्षा जास्त कलंडवू नका. कॉम्प्रेसर तिरका राहतो आणि थरथर वाढते.

चाचणी सोपी आहे. एसीचा प्लग काढा आणि आतल्या बाजूने तळात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. मागच्या निचऱ्याच्या भोकातून ते काही वेळात ठिबकायला लागलं पाहिजे. माझं ठिबकत नव्हतं, कारण भोकात चिखल बसला होता. तारेने साफ केल्यावर धार लागली. काही यंत्रांत मागचा पंखा साठलेलं पाणी गरम कॉइलवर उडवतो. त्या छपछप आवाजाला घाबरायचं कारण नाही.

आता फटी. एप्रिलमध्ये मी थर्मोकोल आणि ब्राऊन टेप लावला होता. तो उन्हाने सुटला आणि खडखड वाजू लागला. या वेळी एसीच्या पाइपवर असतो तो काळा नायट्राइल रबर फोम घेतला. ढाळ दिल्यामुळे वरची फट आत अरुंद आणि बाहेर रुंद झाली होती, म्हणून पट्टी पाचरीसारखी कापावी लागली. म्हणूनच मी म्हणतो, आधी ढाळ. फटीपेक्षा थोडी जाड पट्टी दाबून बसवली की ती स्वतःच घट्ट राहते.

फवाऱ्याचा पीयू फोम मी टाळला. तो फुगून कॅबिनेटला दाब देतो आणि सर्व्हिसिंगसाठी यंत्र बाहेर काढता येत नाही. सिलिकॉन फक्त लाकडी चौकट आणि भिंतीच्या सांध्यात भरलं. बाजूच्या जाळ्या भिंतीच्या बाहेर मोकळ्याच हव्यात, मागच्या कॉइलला तिथूनच हवा मिळते. खालची बाहेरची कडही बुजवली नाही, नाहीतर पावसाचं पाणी चौकटीवर तुंबतं.

शेवटी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू केला आणि कडेकडेने उदबत्ती फिरवली. धूर एकाच ठिकाणी आत वळला, उजव्या वरच्या कोपऱ्यात. तिथे बोटभर फोम अजून भरायचा आहे.