नोटीस दंडाची, आदेश काळ्या यादीचा

निविदेचा तांत्रिक लिफाफा उघडला आणि मी अपात्र ठरलो. कारण एका ओळीचं होतं: दुसऱ्या खात्याने काळ्या यादीत टाकलेला कंत्राटदार. तो आदेश मला तोवर मिळालाच नव्हता. त्यात निविदेसोबत मी 'आमच्यावर अशी कोणतीही कारवाई झालेली नाही' असं प्रतिज्ञापत्र दिलं होतं. म्हणजे खोट्या प्रतिज्ञापत्राचं बालंटही डोक्यावर आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खात्याकडे लेखी अर्ज देऊन आदेशाची प्रत घेतली. तीन मोऱ्यांचं काम मुदतीत झालं नाही, म्हणून ३ वर्षं काळ्या यादीत, असा दीड पानी आदेश. संदर्भात माझ्या नावे पाठवलेली कारणे दाखवा नोटीस होती. ती मी घरी फाइलमधून काढून पुन्हा वाचली. 'कलम २ नुसार दंड का आकारू नये आणि करारनाम्यानुसार पुढील कारवाई का करू नये, याचा खुलासा ७ दिवसांत सादर करावा.' काळी यादी हा शब्द तीत कुठेच नव्हता. मी खुलासाही दंडापुरताच दिला होता. विजेचे खांब हलवायला उशीर झाला, एवढंच लिहिलं होतं. ३ वर्षं कामच मिळणार नाही हे समोर असतं तर एका पानावर भागवलं असतं का?

वकिलांनी नोटीस वाचून सांगितलं, "तुमची केस या कागदातच आहे." सरकारी काम मिळालंच पाहिजे असा कुणाचा हक्क नसतो. पण काळ्या यादीत टाकलं की निविदा भरायचं दारच बंद होतं, म्हणून आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच इरुशियन इक्विपमेंटच्या निकालात ठरवलं. २०१४ च्या गोरखा सिक्युरिटीच्या निकालाने पुढचं सांगितलं: काळ्या यादीचा विचार आहे हे नोटिशीत लिहिलेलं तरी हवं, किंवा ती वाचून स्वच्छ कळायला तरी हवं.

आम्ही अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट दाखल केली. खात्याचं म्हणणं असं की निविदेच्या अटींतच काळ्या यादीची तरतूद होती, ती याला माहीत होती. पण अन्न महामंडळाविरुद्धच्या यूएमसी टेक्नॉलॉजीजच्या २०२० च्या निकालात हाच मुद्दा टिकला नव्हता. अटीत अधिकार असणं वेगळं आणि तो आता तुमच्यावर वापरणार आहोत असं कळवणं वेगळं. आमचा आदेश रद्द झाला.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. न्यायालयाने मला निर्दोष म्हटलं नव्हतं. योग्य नोटीस देऊन नव्याने कारवाई करायची मुभा खात्याला होती, आणि महिन्याभरात नोटीस आलीच. या वेळी 'काळ्या यादीत का टाकू नये' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

उत्तर देण्याआधी मी लेखी अर्जाने दोन गोष्टी मागितल्या. ज्या तपासणी अहवालावर नोटीस उभी होती त्याची प्रत, आणि तोंडी सुनावणी. लेखी खुलाशाची संधी दिली म्हणजे झालं, असं खातं म्हणू शकतं. म्हणून तोंडी सुनावणी मागून घ्यावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

सुनावणी वीसेक मिनिटं चालली. मी साइट ऑर्डर बुक आणि कलम ६ खालचे मुदतवाढीचे तीन अर्ज तारखांप्रमाणे लावून नेले होते. साहेबांनी बुक स्वतःकडे ओढलं. 'खांब न हटल्याने दोन मोऱ्यांचे खोदकाम थांबले' या नोंदीखाली त्यांच्याच शाखा अभियंत्याची सही होती. त्यांनी सहीवर बोट ठेवून विचारलं, "मग तिसरी मोरी का राहिली?" तिथे खांब नव्हता. मजूर दुसऱ्या कामावर नेले होते, चूक माझी होती. मी तसंच सांगितलं. उशीर हा करारभंग आहे, त्याला दंड आहे. पण त्यासाठी ३ वर्षं बाहेर ठेवणं चुकीच्या मानाने फार मोठं, एवढंच म्हणालो. कुल्जा इंडस्ट्रीजच्या २०१३ च्या निकालाची प्रतही दिली. बंदी चुकीच्या प्रमाणात असावी, हे त्यात आहे.

आदेशात तिसऱ्या मोरीपुरता दंड कायम राहिला, काळ्या यादीची कारवाई सोडून दिली. मधल्या काळात हातून गेलेली ती निविदा मात्र परत मिळाली नाही.

आता प्रतिज्ञापत्रात मी नुसतं 'कारवाई झालेली नाही' असं लिहीत नाही. मूळ आदेशाची तारीख, तो रद्द झाल्याची तारीख आणि नंतरचा आदेश असं तिन्ही लिहितो, आणि न्यायालयाच्या निकालाची प्रत तांत्रिक लिफाफ्यात जोडतो.