शारजात शाळेच्या कॅलेंडरवर ईदची तारीख कच्ची का असते

आमच्या जळगावला वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर भिंतीवर लागतं आणि आखाजी कधी, पोळा कधी ते बघून माहेरी जायचं ठरतं. इथे शारजात मुलांच्या शाळेचं कॅलेंडर येतं त्यात मात्र ईदच्या पुढे लिहिलेलं असतं, तारीख अंदाजे, चंद्र दिसल्यावर नक्की होईल. आई दर वेळी फोनवर विचारते, अगं शाळेला एवढं पण माहीत नाही का?

तर आई, शाळेची काही चूक नाही. चंद्राचा महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून रमजान कधी २९ दिवसांचा होतो कधी ३० चा, आणि ते २९व्या रोजाच्या संध्याकाळी चंद्रकोर दिसते का त्यावर ठरतं. आपला पाडवा पण अमावस्येनंतरच येतो पण तो पंचांगात गणिताने आधीच काढलेला असतो, इथे मात्र कमिटी बसते, चंद्र दिसल्याची साक्ष घेते आणि मगच घोषणा होते.

२०२५ चंच बघा. इथे २९वा रोजा २९ मार्चला, शनिवारी होता. त्या संध्याकाळी चंद्र दिसला तर रविवारी ईद, सुट्टी मंगळवारपर्यंत आणि शाळा बुधवारी २ एप्रिलला. नाही दिसला तर ईद सोमवारी आणि शाळा थेट गुरुवारी. म्हणजे शाळा कधी उघडणार, बस कधी येणार, बुधवारचा पेपर होणार की पुढे जाणार, हे सगळं शनिवारी रात्री कळणार! शेवटी चंद्र दिसल्याचं जाहीर झालं आणि ३० मार्चला ईद झाली, त्याच दिवशी आपला गुढीपाडवा पण होता, खूप छान वाटलं. जळगावला मात्र रमजान एक दिवस उशिरा सुरू झालेला म्हणून ईद ३१ ला, त्यामुळे तिकडच्या कॅलेंडरवरून इथली सुट्टी धरू नका.

बकरी ईदला एवढी धावपळ नसते, कारण ती महिन्याच्या दहाव्या दिवशी येते, चंद्र मात्र महिना सुरू होतानाच बघतात, म्हणून साधारण दहा दिवस आधी पक्कं कळतं. २०२५ ला २७ मेच्या संध्याकाळी घोषणा झाली, ईद ६ जूनला आणि सुट्टी ५ ते ८ जून. शाळेने लगेच सुधारित सर्क्युलर पाठवलं, त्या आठवड्यातली टेस्ट पुढे ढकलली.

म्हणून माझं सगळ्या माहेरच्यांना सांगणं आहे, रमजान ईदेला आम्ही येणार असलो तर रेल्वेचं परतीचं रिझर्वेशन अंदाजे तारखेवर आधीच काढून ठेवू नका, मुंबईहून परतायचं विमान सुद्धा आम्ही तारीख बदलता येईल असंच घेतो, आणि बकरी ईदेचं घोषणा झाली की मी त्याच रात्री फोन करून सांगते.