रिप्लेस केलेले लग्न

लग्नाचे फोटो काढणारे एक गृहस्थ एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन आमच्याकडे डेटा रिकव्हरीसाठी आले, तेव्हा त्यांचा हिशेब ठरलेला होता: डिस्क पुसायला सात पास लागतात, म्हणजे सात वेळा वरून लिहावे लागते, तेव्हा एकदाच लिहिले असेल तर जुने परत मिळायलाच हवे. कॅमेऱ्याचा क्रमांक पहिल्यापासून सुरू झाल्याने नव्या लग्नाचे फोटोही `DSC_0001.JPG` अशा जुन्याच नावांनी आले होते आणि मदतनिसाने कॉपी करताना सरळ ‘रिप्लेस’ दाबले होते.

डिस्कवर काहीही लिहू न देणारा राइट ब्लॉकर लावून आधी संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली. मूळ डिस्कवरच सॉफ्टवेअर चालवणारे आमच्या धंद्यातले लोक किती नुकसान करतात, हे ग्राहकाला कधी कळतही नाही. फाइल रिप्लेस झाली की विंडोज जुन्या फाइलचे क्लस्टर, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे तुकडे, मोकळे करते, पण नवी फाइल त्याच जागी बसते असे नाही. फाइलची नोंद मात्र नव्या जागेकडे बोट दाखवू लागते, त्यामुळे जुना पत्ता हरवतो. म्हणून मोकळ्या जागेत जेपीईजीच्या सुरुवातीचे `FF D8 FF` हे बाइट शोधायचे आणि त्यामागोमाग येणाऱ्या, कॅमेऱ्याने नोंदवलेल्या एक्झिफ माहितीतली तारीख वाचून फोटो कोणत्या लग्नाचा ते ठरवायचे. अशा रीतीने निम्म्याहून अधिक फोटो पूर्ण मिळाले.

काही फोटोंत वधूचे कपाळ व मुंडावळ्या स्वच्छ दिसत आणि त्याखाली नुसता राखाडी पट्टा असे. तिथले क्लस्टर नव्या फोटोंनी खरोखरच व्यापले होते. ‘‘साहेब, मोठ्या लॅबमध्ये पाठवा ना,’’ असा त्यांचा आग्रह सुरू झाला.

वरून लिहिले तरी खालचे जुने लॅबमध्ये वाचता येते, ही समजूत संगणकतज्ज्ञ पीटर गटमन यांच्या 1996 च्या शोधनिबंधातून पसरली. त्यातले 35 पास त्या काळच्या डिस्कवर डेटा नोंदवण्याच्या निरनिराळ्या एन्कोडिंग पद्धतींसाठी होते आणि सगळे पास एकाच डिस्कवर चालवण्यात अर्थ नाही, हे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले. पुसण्याची सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी तेवढेच सोयीस्करपणे वगळले. 2008 मध्ये क्रेग राइट व सहकाऱ्यांनी मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोपने हे तपासले. वापरातल्या ड्राइव्हवर एकदाच पुसलेला एक बिट ओळखण्याची शक्यता 56 टक्के निघाली, म्हणजे नाणेफेकीहून जराशीच बरी. एका बाइटचे आठही बिट बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का उरते, आणि 8 एमबीच्या फोटोत असे 80 लाखांहून अधिक बाइट असतात.

हे ऐकून ते गप्प बसले, मग जुनी डिस्क विकण्यापूर्वी किती पास द्यावेत, असे विचारले. चालू हार्ड डिस्कला संपूर्ण लिहिला गेलेला एक पास पुरतो. बिघडलेले म्हणून डिस्कने आधीच बाजूला काढलेले सेक्टर मात्र त्यातून सुटतात. त्यांच्या लॅपटॉपमधल्या एसएसडीला हा नियम लागू नाही, कारण तिचा कंट्रोलर नवे लिखाण दुसऱ्याच जागी नेतो आणि जुना डेटा काही काळ तसाच राहू शकतो. तिच्यासाठी कंपनीने दिलेली सिक्युअर इरेज आज्ञा वापरा, असे मी त्यांना पावतीच्या मागे लिहून दिले.